पुरवठादाराची वर्णनं बदलायची, पण शब्दांची अदलाबदल करून नाही

प्रश्न: "नेरूळला भांड्यांचं छोटं दुकान आहे, आता वेबसाइटवरूनही विकतो. वस्तूंची वर्णनं पुरवठादाराच्या एक्सेलमधून जशीच्या तशी टाकली आहेत. चारशेपैकी निम्मी पानं गूगलवर येतच नाहीत. एक एजन्सी सगळी वर्णनं महिनाभरात 'युनिक' करून देतो म्हणते. द्यावं का काम?"

उत्तर:

नका देऊ. निदान त्या बोलीवर तरी नका देऊ.

मी ठाण्यात, जांभळी नाक्याच्या बाजूला, हाच धंदा करतो. आधीच सांगतो, मी या क्षेत्रातला तज्ज्ञ नाही. जे लिहितोय ते भांड्यांच्या दुकानापुरतं, कपडे किंवा मोबाइलच्या वस्तूंचं गणित वेगळं असू शकतं. पण "महिनाभरात सगळी युनिक" हे वाक्य मी अगदी याच शब्दांत ऐकलंय, आणि त्यानंतर काय झालं ते तुम्हाला कळायला हवं.

त्या एजन्सीने (नाव घेत नाही) आमच्या इंग्रजी वर्णनांतले शब्द बदलले. फक्त शब्द. वाक्यं तीच, क्रम तोच, एका शब्दाच्या जागी दुसरा. आणि लिहिणाऱ्याने भांडं कधी हातात घेतलेलं नसल्यामुळे 'ब्रास' खटकला तिथे 'ब्रॉन्झ' झाला, 'टिन कोटेड' होतं तिथे 'पॉलिश्ड' झालं. म्हणजे पितळेचं कासं झालं आणि कल्हईचं पॉलिश झालं! पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील. काशाचा भाव पितळेपेक्षा बराच चढा. घोडबंदर रोडवरच्या एका ताईंनी आमच्याकडून काशाचं समजून पातेलं मागवलं. त्यांच्या सासूबाईंनी त्याला टिचकी मारली आणि लगेच सांगितलं, हे कासं नव्हे. काशाचा नाद लांबतो, याचा तसा लांबत नव्हता. पातेलं परत आलं, पैसे पूर्ण परत दिले, आणि ते द्यायलाच हवे होते. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. वर्णन कोणी लिहिलं हे ग्राहकाने का बघावं?

दुसऱ्या एका ग्राहकाने 'पॉलिश्ड' वाचून आतली बाजू तारेच्या घासणीने घासली आणि कल्हई उडवली. त्याची काय चूक? कल्हई आहे हे पानावर कुठेच नव्हतं. एजन्सीचं म्हणणं, "आम्ही कंटेंट युनिक करायचं काम घेतलं होतं, तपासणं तुमच्याकडे." सहाशेच्या आसपास पानं आम्ही पुन्हा एकेक उघडून दुरुस्त केली. आणि इतकं होऊनही गूगलवर ती पानं वर आली नाहीत, कारण त्यांत नवं काही नव्हतंच.

गूगल अशा सारख्या मजकुराबद्दल दंड वगैरे करत नाही. तीच वस्तू, तोच मजकूर दहा दुकानांत दिसला की तो त्यातलं एखादं पान दाखवायला निवडतो आणि बाकीची मागे राहतात. लहान दुकान बहुतेक वेळा मागे राहणाऱ्यांत असतं. तुमचं पान का दिसावं, याला कारण लागतं. ते कारण म्हणजे पुरवठादाराकडे नसलेली माहिती. ती भांड्यात असते आणि गल्ल्यावर उभं राहून गिऱ्हाईक विचारतं त्या प्रश्नांत असते.

आमचं बिडाचं आप्पेपात्र घ्या. पुरवठादाराचा मजकूर साधारण असा: उत्तम दर्जाचं बीड, नैसर्गिकरीत्या नॉनस्टिक, आरोग्यदायी, गॅस आणि इंडक्शन दोन्हींवर चालतं, भेट देण्यासाठी आदर्श. यातलं 'इंडक्शनवर चालतं' हे आम्ही दुकानातल्या शेगडीवर ठेवून पाहिलं. बिडाला लोहचुंबक चिकटतं, म्हणून पुरवठादाराने तसं लिहिलं असणार. पण पात्र उलटं करून पाहा: खालून सात गोळे बाहेर आलेले, सपाट तळ नाहीच. ते शेगडीवर डुगडुगतं, धातूचा थोडाच भाग काचेजवळ येतो. आमच्याकडे शेगडीने भांडं ओळखलंच नाही. तळाला सपाट चकती असलेली पात्रं मिळतात, ती चालतात. हे नव्हे. ग्राहकाला नेमकं हेच हवं असतं, आणि लोक शोधतातही तेच: `appe patra induction`.

मग वजनकाट्यावर ठेवलं: १ किलो ९५० ग्रॅम. कानापासून कानापर्यंत मोजलं: २७ सेंमी, नुसत्या पात्राचा व्यास २१. मापाच्या चमच्याने एका खळग्यात पाणी ओतलं: काठोकाठ २५ मिली. या तीन गोष्टींना दहा मिनिटंही लागली नाहीत. आता पानावर असं आहे:

"बिडाचं आप्पेपात्र (appe patra), ७ खळगे. एका खळग्यात काठोकाठ २५ मिली पीठ मावतं. आप्पे फुगतात, म्हणून पाऊण भरा. चार माणसांच्या नाश्त्याला तीन-चार घाणे काढावे लागतील. वजन जवळपास २ किलो, कान धरून एका हाताने उचलणं अवघड जातं. गॅसवर वापरा, तळ सपाट नसल्यामुळे हे पात्र इंडक्शनवर चालत नाही. मधला खळगा थेट ज्योतीवर येतो आणि लवकर करपतो, म्हणून आच मंद ठेवा आणि मधला आप्पा आधी उलटा. पहिल्या वापराआधी धुऊन, पूर्ण कोरडं करून, तेलाचा पातळ हात फिरवून तापवा. असं दोन-तीनदा करा. धुतल्यावर ओलं ठेवलं तर गंजतं."

यात एकही शब्द 'युनिक' करण्यासाठी लिहिलेला नाही, तरी असा मजकूर दुसरीकडे सापडणार नाही. 'इंडक्शनवर चालत नाही' लिहिल्याने विक्री पडेल अशी भीती आमच्या घरातही होती. पण इंडक्शनवाला ग्राहक घेऊन परत करण्यापेक्षा आधीच सपाट तळाच्या पात्राकडे गेलेला बरा, आणि त्या पात्राची लिंक आम्ही तिथेच दिली आहे.

शब्द कधीच बदलायचे नाहीत अशाही जागा आहेत. धातू, जाडी, माप, मॉडेल क्रमांक, बारकोडखालचा जीटीआयएन हे पुरवठादाराचं जसंच्या तसं राहू दे, मात्र वस्तूशी ताडून घ्या. हा भाग दहा दुकानांत सारखा असला तरी काही बिघडत नाही. पॅकबंद वस्तूंसाठी २०११ च्या वैधमापन नियमांप्रमाणे उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, निव्वळ प्रमाण, एमआरपी, ग्राहक तक्रारीचा संपर्क हे पानावर दिसायला लागतं. मजकूर सुंदर करण्याच्या नादात आमच्या एजन्सीने यातलंही काही उडवलं होतं, म्हणून सांगतोय. तुमच्या वस्तूंना नेमकं काय लागू होतं ते तुमच्या सल्लागाराला विचारा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

चारशे पानं एकदम करायला घेऊ नका. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये Performance उघडा, Pages वर जा आणि इम्प्रेशन्सप्रमाणे, म्हणजे पान शोधात किती वेळा दिसलं त्याप्रमाणे, लावा. ज्यांना इम्प्रेशन्स आहेत पण क्लिक नाहीत, ती पंचवीस-तीस पानं आधी. एखाद्या पानावर टिचकी मारून Queries पाहिलं की लोक काय विचारत तिथवर आले ते दिसतं. त्याचं उत्तर पानावर आहे का, एवढंच बघायचं. मग Page indexing अहवालात `Crawled - currently not indexed` आणि `Duplicate, Google chose different canonical than user` या दोन याद्या पाहा: पहिली गूगलने वाचूनही शोधात न घेतलेल्या पानांची, दुसरी ज्यांच्याऐवजी गूगलने दुसरंच पान मूळ धरलं त्यांची. पहिल्या यादीतल्या प्रत्येक पानाचं कारण मजकूरच असतो असं नाही. म्हणून वर्णनातलं आठ-दहा शब्दांचं वाक्य दुहेरी अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा. तेच वाक्य दहा दुकानांत निघालं तर उत्तर मिळालं. दुसऱ्या यादीत बहुतेकदा आपलीच पानं आपल्यालाच आडवी येत असतात: एकच तवा ९, १० आणि ११ इंची, तीन पानं, तीच वर्णनं. त्यांना तीन वेगळी वर्णनं लिहिण्यात वेळ घालवू नका. एकच पान करा, त्यात माप निवडायची सोय द्या आणि जुने दोन पत्ते ३०१ रीडायरेक्टने त्यावर वळवा. बाकी पानांचे पत्ते मात्र मजकुराबरोबर बदलू नका. दोन्ही एकदम बदललं की कशामुळे काय झालं ते कळत नाही.

ज्या वस्तू वर्षाकाठी एखादी खपते, त्यांना पुरवठादाराचंच वर्णन राहू दे. मी तरी राहू दिलंय.

आणखी एक, यात बरेच जण फसतात. मेहनतीने लिहिलेलं वर्णन मोठ्या मार्केटप्लेसवरच्या आपल्याच लिस्टिंगमध्ये चिकटवू नका. ती साइट तुमच्यापेक्षा शंभरपट मोठी, मग मूळ लेखन तुमचं असूनही गूगल तिचं पान निवडू शकतो. तिथे पुरवठादाराचा मजकूर पुरतो.

एजन्सीला काम द्यायचंच असेल तर टायपिंगचं द्या: फोटो, तक्ते, अपलोड. मोजमाप आणि मजकूर दुकानातल्या माणसाचा हवा. आमच्याकडे गल्ल्यावरचा मुलगा व्हॉट्सॲपवर आलेले प्रश्न एका वहीत उतरवतो, आणि ती वही माझ्या मते कुठल्याही टूलपेक्षा उपयोगाची आहे. "यात किती मोदक बसतात", "कुकरच्या आत हे मावेल का", "सोऱ्याला शेवेची बारीक चकती येते का": प्रत्येक प्रश्न म्हणजे वर्णनातलं एक वाक्य.

बदल केल्यावर URL Inspection मध्ये पत्ता टाकून Request Indexing करा आणि थांबा. कधी काही दिवस लागतात, कधी काही आठवडे. निकाल मोजताना भांड्यांच्या धंद्यात एक धोका आहे: मोदकपात्राची मागणी गणपतीआधी आणि सोऱ्याची दिवाळीआधी आपोआप चढते. मागच्या महिन्याशी तुलना केली तर वर्णनाला नको ते श्रेय जाईल. सर्च कन्सोल १६ महिन्यांचा डेटा ठेवतो, तेव्हा गेल्या वर्षीच्या त्याच दिवसांशी ताडून बघा, आणि सणांच्या तारखा दरवर्षी सरकतात हेही धरा. शिवाय तशाच खपाच्या आठ-दहा पानांना मुद्दाम हात लावू नका, म्हणजे तुलनेला काही उरेल.

दिवाळीचा माल भरायच्या आधी सोऱ्यापासून सुरुवात करा. चकत्या किती, भोकं किती मिलिमीटरची, एका वेळी किती पीठ मावतं, दट्ट्या फिरवायचा की दाबायचा, एवढं मोजून आधी लिहा. पान गूगलने पुन्हा वाचेपर्यंत वेळ जातो, आणि चकलीची भाजणी लोक आदल्या आठवड्यात दळून आणतात.