हा माणूस कोण? फोटो गोव्यातला आहे

प्रश्न: मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर हा फोटो पाठवला. गोव्यातला आहे एवढेच म्हणाला. हा माणूस कोण? कुणी ओळखत असेल तर नाव आणि गाव सांगा. दुसरा फोटो ॲपमध्ये टाकून स्पष्ट करून घेतला आहे.

उत्तर:

नाव सांगणार नाही. ओळखतो आणि लपवतो आहे असे समजू नका, आणि ओळखत नाही असेही समजू नका. चेहऱ्यावरून नाव या पानावर मी लिहिणार नाही, एवढेच. बाकी फोटोत जे दिसते ते मात्र सांगतो, आणि ते बरेच आहे. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. वाळपईत बारा-तेरा वर्षे फोटो स्टुडिओ चालवला, आणि आजोबांची काजूची भट्टी होती. त्यामुळे हा फोटो माझ्या दोन्ही ओळखीच्या जागांमधला निघाला.

ही काजूची, म्हणजे काजूच्या फळांची दारू काढायची भट्टी आहे. आम्ही भाटी म्हणतो. डाव्या बाजूला मातीच्या चुलीवर बसवलेले तांब्याचे मोठे भांडे आहे ना, ते भाण. त्याच्या तोंडाभोवती जो तांबूस लेप दिसतो, ती रोयणीची, म्हणजे वारुळाची माती. तोंड घट्ट बंद करायला ती लावतात. फट राहिली तर वाफ बाहेर जाते आणि सगळी मेहनत हवेत. भाणातून एक नळी निघून उजवीकडच्या सिमेंटच्या टाकीत शिरते. टाकीत पाणी असते आणि आत वेटोळी नळी. तिच्यातून जाताना वाफ थंड होते आणि खाली ठेवलेल्या कॅनमध्ये थेंब थेंब उतरते. आजोबांच्या वेळी टाकी नव्हती. मोठ्या मडक्यात पाणी, त्यात वाफ पकडणारे दुसरे भांडे, आणि त्यावर सतत गार पाणी ओतणारा एक माणूस. लहानपणी तो माणूस बहुतेक वेळा मीच असायचो. तुमच्या फोटोत असा कुणी नाही, म्हणून ही बरीच अलीकडची मांडणी.

मागच्या बाजूला उतरती फरशी दिसते ती कोळमी. तिच्यावर बोंडू, म्हणजे काजूची फळे, तुडवतात. आता बऱ्याच ठिकाणी यंत्र आले आहे, पण या माणसाच्या पायात गमबूट आहेत आणि ते घोट्यापर्यंत पिवळट चिकट झाले आहेत, म्हणजे इथे अजून पायांनीच काम चालते. कोळमीच्या कडेला वेलीने आवळलेला एक गोल ढीग आहे आणि वर दगड ठेवला आहे. तुडवून उरलेला चोथा तो. दगडाच्या वजनाने त्यातून जो स्वच्छ रस गळतो तो निरो, उन्हात प्यायला याच्यासारखे दुसरे काही नाही. खालच्या टोपलीत बिया आहेत. बोंडू ताजे, पिवळे-तांबडे दिसतात, म्हणून फोटो मार्च ते मे या काळातला. साल कोणते ते त्यावरून कळत नाही.

आता माणूस. साधारण मध्यम वयाचा पुरुष, उजव्या हातात काचेची बारीक नळी धरून ती भांड्यातल्या द्रवात सोडतो आहे. ग्राव बघतो आहे तो. ग्राव म्हणजे दारूचा जोर मोजायचे आमच्याकडचे माप. नळी किती वर तरंगते त्यावरून आकडा वाचतात. हुर्राक, म्हणजे पहिल्या उताराची हलकी दारू, साधारण १५ ग्रावच्या आसपास, फेणी १९-२०. फोटोत नळीवरचा आकडा वाचता येत नाही, म्हणून हा हुर्राक काढतो आहे की फेणी, ते मी सांगू शकत नाही. अंगावर जुना टी-शर्ट, एका पक्षाच्या प्रचाराचा. त्यावरून त्याचा पक्ष ठरवू नका. निवडणुकीत वाटलेले टी-शर्ट आमच्याकडे शेतात, भट्टीवर आणि गाडी धुवायलाच जातात. गळ्यात काळा दोरा आहे. त्यावरून धर्म किंवा जात काढणारे लोक मला माहीत आहेत, पण असा दोरा गोव्यात कुणाच्याही गळ्यात दिसतो. तो भट्टीचा मालक आहे की मजूर, तेही फोटो सांगत नाही. हंगामात भट्ट्यांवर बाहेरगावचे लोकही कामाला येतात, आणि मालक स्वतःही गमबूट घालून कोळमीत उतरतो.

मागे उभ्या स्कूटरची नंबरप्लेट अर्धी दिसते. जीए ०४ म्हणजे गाडी डिचोलीला नोंदलेली. एवढेच. गाडी त्या माणसाचीच आहे असे नाही, आणि गाव डिचोली तालुक्यातले आहे असेही नाही. पुढचे आकडे मी मुद्दाम लिहीत नाही. तुम्हीही फोटो परत टाकाल तेव्हा ते झाकून टाका.

तुमच्या दुसऱ्या, स्पष्ट केलेल्या फोटोबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण घोळ तिथेच होणार आहे. मूळ फोटोत चेहऱ्यावर चुलीचा उजेड एका बाजूने पडला आहे, दुसरी बाजू धुरात आहे. डाव्या गालाचा भाग मूळ फोटोत नुसता करडा ठिपका आहे. त्यात माहितीच नाही. ॲपने तिथे गुळगुळीत गाल, नीट भुवई आणि कानाजवळ एक तीळ काढून दिला आहे. मूळ फोटो मोठा करून बघा, त्या जागी काजळीचा डाग आहे. म्हणजे तो तीळ कुणाच्याच चेहऱ्यावर नाही. आता कानाजवळ तीळ असलेला एखादा खराखुरा माणूस गावात निघाला की लोक म्हणणार, हाच. त्यात फोटो फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्याने बऱ्याच जवळून काढलेला दिसतो. एवढ्या जवळून नाक मोठे येते, कान मागे सरकतात आणि सगळा चेहराच लांबट होतो. स्टुडिओत पासपोर्ट फोटोला आम्ही माणसाला लांब बसवायचो ते याचसाठी.

स्टुडिओतच मला कळले की चेहरा ओळखणे वाटते तितके सोपे नाही. पाकिटावर बिलाचा नंबर लिहायचा राहिला की सख्ख्या भावांची पाकिटे माझ्याकडूनच अदलाबदल व्हायची. एकदा फोटो न्यायला आले तेव्हा एकाने दाढी केली होती आणि दुसऱ्याने ठेवली होती, आणि तरीही मी चुकलो, कारण फोटो काढताना दोघांनीही दाढी केलेली होती. पण तेव्हा नुकसान पाकिटापुरते होते.

मोठे नुकसान पुढे झाले. आमच्या गावच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला. रात्री देवळाजवळ उभा असलेला एक मुलगा, बाजूने काढलेला, कपाळ आणि नाक तेवढे स्पष्ट. खाली लिहिले होते, हा कोण, दोन-तीन दिवस फिरतो आहे. मी फोटोवाला माणूस, मला वाटले मला कळते. आमच्याच वाड्यावरच्या एका मुलाचे नाव लिहिले. दहा मिनिटांत तीन जणांनी 'हो हो तोच' म्हटले, म्हणजे त्यांनी फोटो नाही, माझे नाव वाचले. संध्याकाळी पाच-सहा माणसे त्या मुलाच्या दारात. मुलगा त्या रात्री मडगावला ड्युटीवर होता, हजेरीही होती. फोटोतला मुलगा त्याचा लांबचा आतेभाऊ निघाला, मामाकडे राहायला आलेला, आणि रात्री मोबाईलला रेंज मिळावी म्हणून देवळाच्या पायरीवर उभा राहत होता. दोघांच्याही अंगावर आरोप आला, आणि दोघांनीही काही केले नव्हते. मुलाची आई दोन वर्षे माझ्याशी बोलली नाही. एकदा बाजारात समोर आली तेव्हा एवढेच म्हणाली, "तुका कोणें विचारिल्लें?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. ग्रुपवर प्रश्न विचारला होता, पण मला नव्हता विचारला.

तुमच्या फोटोत आणखी एक गोष्ट आहे, ती पुण्या-मुंबईच्या माणसाला चटकन लक्षात येणार नाही. भट्टी चालवायला अबकारी खात्याचा परवाना लागतो. या भट्टीचा परवाना आहे की नाही, फोटोवरून कळूच शकत नाही. परवाना भिंतीवर लावला असेल तर तो फोटोत आलेला नाही. असेल तर उत्तम. नसेल, किंवा कुणाला नुसते वाटले की नसेल, तर नाव आणि गाव लिहिलेला फोटो त्या माणसाच्या दारात वेगळीच माणसे घेऊन येईल. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून बाटलीवर गोव्याचे नाव मिरवते. ती काढणाऱ्याचे नाव कुठे यावे, ते त्यालाच ठरवू द्या. कुणीतरी फोटो काढला, दुसऱ्याने पाठवला, तुम्ही इथे टाकला. यात त्याला कुणीच विचारलेले दिसत नाही.

तुम्हाला तो माणूस का हवा आहे हे तुम्ही लिहिलेले नाही. फोटो त्याला द्यायचा असेल तर मित्राला विचारा की फोटो त्याने स्वतः काढला का. काढला असेल तर कोणत्या रस्त्यावर, कोणत्या भट्टीवर हे त्याला आठवेल. नुसता पुढे पाठवलेला असेल तर फोटोतल्या माहितीत जागा शोधत बसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की ती माहिती निघून जाते. जागा कळली तर पुढच्या एप्रिलमध्ये एक प्रिंट काढून घेऊन जा. गावच्या दुकानात प्रिंट दाखवून 'हा कोण' असे न विचारता 'ही भट्टी कुठली' असे विचारा. दुकानदाराला वाटले तर तो स्वतः निरोप देईल, नाही वाटले तर सांगेल की माहीत नाही, आणि ते तसेच घ्या. फेणी विकत घ्यायची असेल तर भट्टी कळली तरी पुरे. आणि काही गुन्ह्याची शंका असेल तर मूळ फोटो, ॲपचा नव्हे, घेऊन पोलीस ठाण्यात जा.

एक गोष्ट मला मात्र विचारायची आहे. भाणाच्या मागे, लाकडांच्या ढिगाला टेकून एक काळे गोल काहीतरी पडले आहे, अर्धे मातीत. मला ते जुने मातीचे भाण वाटते, तांब्याची यायच्या आधीचे. चेहरा आणि नंबरप्लेट झाकून तो कोपरा मोठा करून टाकता आला तर टाका. तोंडाची कड जाड आणि बाहेर वळलेली असेल तर ते तेच, आणि तसले शेवटचे मी आजोबांच्या माळ्यावर फुटलेले पाहिले होते.