यमूच्या मनातले पडद्यावर कसे आणावे?

प्रश्न : आम्ही बेळगावातील बी.ए.चे विद्यार्थी आहोत. ‘पण लक्षात कोण घेतो’ मधील यमूचे लग्न ठरण्याच्या भागावर दहा मिनिटांची पटकथा लिहायची आहे. सगळा मजकूर यमूच्या मनातला आहे. तो दाखवायचा कसा?

उत्तर : हक्कांची चिंता नको, हरिभाऊ आपटे १९१९ साली निवर्तले आणि लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षे केव्हाच उलटली आहेत.

खरी अडचण अशी की ही कादंबरी म्हणजे मोठ्या झालेल्या यमूने लिहिलेली स्वतःची हकीकत आहे. म्हणजे घटना भोगणारी मुलगी वेगळी आणि ती सांगणारी बाई वेगळी. आमच्या वर्गाने पूर्वी असाच प्रयत्न केला तेव्हा बाईचे सगळे बोलणे निवेदनात घातले. मोजून पाहिले तर दहापैकी सहा मिनिटे निवेदनच चालू होते आणि चित्र नुसते मागे हलत होते. तुमच्या मसुद्यातले निवेदन झाकून उरलेले वाचा. गोष्ट कळत नसेल, तर तुम्ही पटकथा लिहिलेली नाही, उतारा लिहिला आहे.

मी असा प्रसंग रचीन. माजघरात यमू सागरगोटे खेळत आहे, ओसरीवर वडील मंडळी बोलत आहेत. ती मंडळी कधीच दिसत नाहीत, कॅमेरा मुलीच्या उंचीवर, उंबऱ्याच्या आतच राहतो. बोलण्यात तिचे नाव येते तेव्हा वर उडवलेला गोटा झेलायचा राहतो. ती क्षणभर थांबते, गोटा उचलते आणि पुन्हा खेळू लागते. ‘मला काहीच कळले नाही’ हे वाक्य इथे लिहावेच लागत नाही, कारण बोलण्याचा अर्थ प्रेक्षकाला कळतो आणि तिला कळत नाही. मोठ्या यमूचे जाणतेपण असे प्रेक्षकाकडे जाते. पटकथेत तो भाग इतकाच दिसेल :

```
दृश्य ३. अंतर्गृह. माजघर. तिसरा प्रहर.
यमू सागरगोटे खेळते. हातभर बांगड्या.
पुरुषी आवाज (ओसरीवरून): यमूचं आता पाहायलाच हवं.
गोटा जमिनीवर पडतो. बांगड्यांचा आवाज थांबतो.
```

सुरुवातीला मात्र मोठ्या यमूचा फक्त लिहिणारा हात दाखवा, बांगड्यांविना. तिचे वैधव्य त्या मोकळ्या मनगटातूनच कळते. निवेदनाची दोन वाक्ये हवीच असतील तर तिथेच वापरा. काचेच्या बांगड्यांची किणकिण संवाद गिळते, म्हणून ओसरीवरचे संवाद चित्रीकरणानंतर शांत खोलीत वेगळे ध्वनिमुद्रित करा. बोलणारे दिसत नसल्याने ओठांशी मेळ बसवण्याचा प्रश्नच येत नाही.

भाषेबाबत एकदाच निर्णय घ्या. पात्रे पुणेरी बोलत असतील तर कानडी हेल सरावाने काढावा लागेल, कारण एका घरात दोन बोली आल्या की विश्वास उडतो. मला विचाराल तर घरच इकडे आणावे. त्या काळी बेळगाव मुंबई इलाख्यात होते (शहापूर मात्र सांगली संस्थानात), त्यामुळे इतिहासाला धक्का लागत नाही. शहापुरात किंवा खानापूरकडे कौलारू घर मिळाले तर आधी भिंतीवरचे स्विचबोर्ड आणि मीटर कुठे आहेत ते पाहा, आणि कॅमेऱ्याची जागा त्यावरून ठरवा. आपल्याकडच्या जुलैमध्ये कौलांवरच्या पावसात आवाज धरता येत नाही, तेव्हा चित्रीकरण दिवाळीनंतर ठेवावे.