‘मंजूर’च्या पुढचं वाक्य

प्रिय,

सोमवारपासूनच्या तुझ्या पाच दिवसांच्या रजेला ऑफिसातून आलेला मंजुरीचा मेल मला पाठवून खाली एकच ओळ लिहिलीस, ‘म्हणजे रजा मिळाली ना?’ मिळाली, पण अटींवर. तू ‘अप्रूव्हड’ शब्दापाशीच थांबलास. ‘मंजूर’च्या पुढचं वाक्य वाच.

त्या मेलात दोन अटी आहेत. पहिली, ‘सब्जेक्ट टू हँडओव्हर’, जाण्याआधी. ‘सब्जेक्ट टू’ म्हणजे हँडओव्हर झाला तरच मंजुरी; तो अर्धवट सोडून निघालास, तर उद्या ‘रजा मंजूरच नव्हती’ म्हणायला जागा उरते. आता मेल कोणाकोणाला गेलाय ते बघ. ज्या सहकाऱ्याकडे काम द्यायचंय, तो सीसीत नाही! म्हणजे त्याला बहुधा पत्ताच नाही. त्याला आजच विचार, आणि त्या पाच दिवसांत तो स्वतः रजेवर नाही ना, हेही.

सोमवारपासून रजा आहे, तर हँडओव्हर शुक्रवारी संध्याकाळी नको, गुरुवारी दे. शुक्रवार त्याच्या शंकांसाठी ठेव. प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिही: कुठवर आलंय, पुढची तारीख, फाइल कुठे आहे, अडलं तर कोणाला विचारायचं. त्याच्या लॉगिनवरून फाइल उघडते का, ते तुझ्यासमोर उघडून बघा. बहुतेक हँडओव्हर इथेच फसतात. नोंद उत्तम असते, पण फोल्डरची परवानगी द्यायची राहते, आणि मग मंगळवारी तुझा फोन वाजतो. पासवर्ड देऊ नकोस, परवानगी दे. ‘मिळालं, समजलं’ असं त्याच्याकडून लेखी घे. नुसतं तू पाठवलंस, याला हँडओव्हर म्हणत नाहीत.

दुसरी अट, ‘रीचेबल ऑन फोन फॉर अर्जंट मॅटर्स’. रीचेबल म्हणजे फोन लागला पाहिजे; लॅपटॉप उघडून बसायचं असं त्यात नाही. पण अर्जंट कशाला म्हणायचं, फोन कोणी करायचा, किती वाजता, यातलं काहीच लिहिलेलं नाही. तू गप्प राहिलास तर ती सगळी मोकळी जागा दुसरे आपापल्या सोयीने भरतील. म्हणून त्याच मेलला उत्तर दे, नवा मेल नको:

‘धन्यवाद. हँडओव्हर गुरुवारी पूर्ण करून कळवतो. रजेत सकाळी 10 ते 11 फोनवर असेन. एरवी मेसेज ठेवल्यास त्याच दिवशी परत फोन करेन. बुधवारी प्रवासात असल्याने फोन लागणार नाही. पहिला संपर्क सहकाऱ्याशी करावा, त्याच्याकडून न सुटल्यास मला. यात काही बदल हवा असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे.’

बुधवारचं आत्ताच सांगायचं. नंतर सांगितलंस की तो बहाणा वाटतो.

याला लोक किचकटपणा म्हणतात. म्हणोत. तीच माणसं रजेत ‘फक्त दोन मिनिटं’ म्हणून अर्धा तास फोनवर असतात. तरीही मी म्हणेन, ‘मंजूर’च्या पुढचं वाक्य वाच.

आणि रजेच्या पोर्टलवर स्थिती अजून ‘पेंडिंग’ आहे का, तेवढं बघ. मेलात मंजूर आणि पोर्टलवर पेंडिंग राहिलं, तर महिनाअखेरीस ते दिवस बिनपगारी लागू शकतात.

तुझा,
दादा