शेजारच्या सीटवरची पिशवी

“मॅडम, कानात इअरफोन असलेल्या माणसाला गुड मॉर्निंग म्हणायचं की नाही? म्हटलं आणि त्याने पाहिलंही नाही, तर दिवसभर तेच डोक्यात घोळतं.”

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या जणांनी आणला आहे, की त्यातली एकच गोष्ट सांगते. नाव बदललंय.

रेवती कंपनीच्या बसने हिंजवडीला जायची. खिडकीशी बसणारी सहकारी कायम इअरफोन लावून पुस्तकात. “पंधरा दिवस रोज गुड मॉर्निंग म्हटलं. एकदा तर मोठ्याने. शिष्ट आहे ती,” रेवती म्हणाली. आता ती थेट मागच्या सीटवर जाऊन बसायची.

“म्हणालीस तेव्हा तिची नजर कुठे होती?”

“पुस्तकात.”

“मग ऐकलं कुणी?”

“ड्रायव्हरने,” म्हणत ती हसली, पण पटलं नव्हतं. ‘ऐकलं नाही’ आणि ‘मला टाळलं’ या दोन वाक्यांमधली उडी आपण स्वतः मारतो, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलेय. सांगून ते क्वचितच पटतं. म्हणून तिला आठवडाभराचं काम दिलं: काही बोलायचं नाही, फक्त तिचे डोळे आणि हात काय करतात ते लिहायचं.

पुढच्या वेळी ती वही उघडून गप्प बसली. मग म्हणाली, “मॅडम, मी चढले की ती शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेते. माझ्याआधी दोघी चढतात, तेव्हा नाही घेत.”

मीही क्षणभर थांबले. रोज जागा करून दिली जात होती आणि ही तिच्यासमोरून मागे निघून जात होती! मलाही तेव्हाच नीट उमगलं, की आपण उत्तराची वाट कानांनी पाहतो, आणि ते बरेचदा हातांनी दिलेलं असतं.

समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी 1963 मध्येच दाखवून दिलं होतं, की चारचौघांत माणसं वर्तमानपत्राचा आडोसा करतात. इअरफोन हा आजचा आडोसा. म्हणून मागून हाक नको, खांद्यावर हात तर नकोच. समोरून, तिच्या नजरेच्या टप्प्यात या आणि नजर वर येईपर्यंत तोंड उघडू नका. आली तर मान हलवून हसा. तिनेही मान हलवून पुन्हा ओळीत डोळे घातले, तर नमस्कार पूर्ण झाला, पुढे बोलू नका. एकच इअरफोन काढून बोटांत धरला किंवा पानात बोट ठेवलं, तर एखाद्या वाक्यापुरती सवड आहे. पुस्तक मिटून बाजूला ठेवलं, इअरफोन डबीत गेले, तर खुशाल गप्पा मारा. नजर वर आलीच नाही, तर त्यातून काहीच कळत नाही. ती कदाचित कॉलवर असेल, नाहीतर रात्रभर जागलेली असेल. शिष्टपणा त्यावरून मोजता येत नाही.

रेवती दुसऱ्याच दिवशी त्या रिकाम्या सीटवर बसली. कुणीच काही बोललं नाही. चौथ्या दिवशी सहकारीने एक इअरफोन काढून विचारलं, “मध्ये मागे का बसायचीस गं?”