अकरा निकाल आणि न दिलेलं एक उत्तर

प्रश्न : माझ्यावर कुर्ला कोर्टात चेक बाऊन्सची केस आहे. समोरचा म्हणतो, साडेचार लाख रोख उसने दिले. मी सत्तर हजारच घेतले होते आणि सही केलेला कोरा चेक दिला होता. नोटिशीला उत्तर दिलं नाही. पुढच्या महिन्यात त्याची उलटतपासणी आहे. पैसे कुठून आणले हे फिर्यादीला सांगता आलं नाही म्हणून आरोपी सुटला, असे अकरा निकाल मला ऑनलाइन सापडले. सगळे दाखल करू का?

उत्तर : नाही. अशा गठ्ठ्यातले बहुतेक निकाल फक्त शेवट पाहून निवडलेले असतात. मॅजिस्ट्रेटपुढे त्या दिवशी डझनांनी चेकच्या केसेस असतात. अकरा प्रिंटा कोणी वाचणार नाही, आणि त्यातला एखादा तुमच्याच विरुद्ध निघाला तर समोरचा वकील तोच मोठ्याने वाचून दाखवील.

तुमच्या गठ्ठ्यात बसलिंगप्पा विरुद्ध मुदिबसप्पा हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९चा निकाल बहुधा असेलच. तो फक्त शेवटापुरता वाचू नका. दावा सहा लाखांचा होता आणि फिर्यादी निवृत्त नोकरदार होता. त्याच सुमारास त्याने इतरांनाही पैसे दिले होते. आरोपीसकट सगळ्यांना मिळून २००९ ते २०११ या काळात अठरा लाख गेल्याचं रेकॉर्डवर आलं. एवढी रक्कम आणली कुठून, हे त्याला पटवता आलं नाही. न्यायालयाचा तर्क इथे आहे. आरोपीने फिर्यादीच्या पैसे देण्याच्या ऐपतीवर प्रश्न उभा केला आणि त्याला आधार देणारा मजकूर फिर्यादीच्याच तोंडून निघाला, म्हणून ऐपत सिद्ध करण्याचा बोजा फिर्यादीवर आला. तुमच्या रेकॉर्डवर असं काहीच नसेल, तर हा निकाल तुमच्या कामाचा नाही.

आता तुम्ही दिलं नाही त्या उत्तराबद्दल. नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला पंधरा दिवस होते. त्याच काळात, सत्तर हजारांपलीकडे देणं नाही आणि एवढी रक्कम उसनी द्यायची फिर्यादीची ऐपतच नाही, असं लेखी कळवायला हवं होतं. लोक नोटीस घरात ठेवून देतात आणि दोन वर्षांनी निकाल शोधायला बसतात, याचा मला मनापासून राग येतो. रंगप्पा विरुद्ध श्री मोहन या २०१०च्या निकालात तीन न्यायमूर्तींनी म्हटलं आहे की, नोटिशीला उत्तर न देणं हे फिर्यादीच्या म्हणण्यात तथ्य असल्याचं दाखवतं. चेक देणं फेडायलाच दिला असं कोर्टाने आधी धरून चालायचं, हे कलम १३९चं गृहीतक कायदेशीर देणं असण्यापर्यंत जातं, हेही त्यातच आहे. हा निकाल समोरून येणार, हे धरूनच चला. कोऱ्या चेकच्या मुद्द्यावर फार विसंबू नका. बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार (२०१९) नुसार सही मान्य असलेल्या कोऱ्या चेकलाही ते गृहीतक लागतं.

तरीही दार बंद झालेलं नाही. तेधी सिंग विरुद्ध नारायण दास महंत (२०२२) काढा. नोटिशीच्या उत्तरात मुद्दा घेतलेला नसेल तर फिर्यादीने आधीच ऐपतीचा पुरावा देण्याची अपेक्षा करता येत नाही, असं न्यायालय म्हणतं. मात्र लगेच पुढे, आरोपी आपले साक्षीदार व कागद आणून, फिर्यादीच्याच कागदांवर बोट ठेवून किंवा उलटतपासणीतून हे दाखवू शकतो, असंही म्हणतं. तुमची उलटतपासणी अजून व्हायची आहे. सगळी केस त्या तारखेवर उभी आहे. रक्कम कोणत्या खात्यातून, कोणत्या तारखेला काढली, पासबुक कुठे आहे, विवरणपत्रात हे कर्ज दाखवलंय का, त्या वर्षी आणखी कोणाला दिले, हे प्रश्न वकिलांना आजच लिहून द्या. विचारायचं राहिलं तर साक्षीदार परत बोलावण्याचा अर्ज (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३११, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३४८) करता येतो. तो मिळेल की नाही, हे न्यायाधीशांवर आहे.

आणखी निकाल हवेच असतील, तर इंडियन कानून या संकेतस्थळावर असं शोधा:

```
"financial capacity" ANDD "section 139" doctypes: supremecourt fromdate: 1-1-2019
```

निकाल उघडल्यावर तिथले Facts, Court's Reasoning असे भाग वेगळे पाहता येतात. वाट शोधायला ते बरे, पण ती लेबलं न्यायालयाने लावलेली नाहीत. वकिलाचा युक्तिवाद न्यायालयाचं मत म्हणून उचलला जाण्याची चूक इथेच होते. परिच्छेदाची सुरुवात पाहा: 'अपीलकर्त्याच्या विद्वान वकिलांनी मांडलं की' अशी असेल तर ते वाक्य तुमच्या उपयोगाचं नाही. मग Cited by उघडून पुढच्या खंडपीठांनी त्या निकालाचं काय केलं ते बघा. 'त्या प्रकरणातील वस्तुस्थिती वेगळी होती' असं वारंवार दिसलं, तर तिथे कोणती वस्तुस्थिती वेगळी ठरवली तेवढंच वाचा. ती तुमच्याकडे आहे का, हे तुम्हालाच सांगता येईल.

अकरांऐवजी दोनच निकाल ठेवा: बसलिंगप्पा आणि तेधी सिंग. प्रत सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरून काढा, कामाच्या परिच्छेदांवर खूण करा, एक प्रत समोरच्यांसाठी ठेवा. मात्र या प्रती युक्तिवादाच्या वेळी लागतील. पुढच्या महिन्यात हातात प्रश्नांचा कागद हवा.