लुईसने पास झालेला पिनियन का तुटतो?

प्रश्न: आमच्या गुऱ्हाळाच्या चरकाला ७.५ किलोवॉटची मोटर आहे. पिनियन २४० आरपीएमवर फिरतो, १८ दात, मॉड्यूल ६, रुंदी ६० मिमी, दात २० अंशाचे. पिनियन आणि मोठा गिअर दोन्ही बिडाचे, एफजी २६०. लुईसच्या सूत्राने दाताच्या मुळाशी ताण ६१ एमपीए येतो, चालतो ८७ पर्यंत. तरी एका हंगामात दोन पिनियन तुटले. गणित चुकलंय का? ईएन ८ पोलादाचा करून घेऊ का?

उत्तर: गणित बरोबर आहे. ईएन ८ चा मात्र लगेच करू नका, त्याचं कारण खाली येईल. आधी तुमचा आकडा मी पुन्हा काढून पाहिला तो देतो, कारण हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही पायऱ्या लागतील.

```
σ = Wt / (b · m · Y · Cv)
```

पिच व्यास १८ × ६ = १०८ मिमी. २४० आरपीएमला पिच रेषेचा वेग सेकंदाला १.३६ मीटर. ७५०० वॉटला १.३६ ने भागलं की दातावरचा स्पर्शिकेतला जोर Wt साधारण ५५२० न्यूटन. दाताच्या आकाराचा गुणक Y १८ दातांसाठी तक्त्यात ०.३०९ आहे. ५५२० भागिले (६० × ६ × ०.३०९) म्हणजे जवळपास ५० एमपीए. कापलेल्या दातांसाठी वेगाचा गुणक Cv = ६.१ / (६.१ + १.३६), म्हणजे ०.८२. त्याने भागलं की तुमचे ६१. दात हॉबिंगवर कापलेले नसतील, साच्यातून आले तसेच वापरले असतील, तर ६.१ च्या जागी ३.०५ घ्यायचे आणि ताण ७२ येतो. तरीही ८७ च्या आतच.

एक जुनी फसगत सांगतो. काही पुस्तकांत मोठा Y असतो, काहींत लहान y, आणि दोघांत π चा फरक आहे. लहान y (इथे ०.०९८) घेतला तर खाली मॉड्यूलऐवजी πm घालावं लागतं. ते विसरलं की हाच दात १९१ एमपीए दाखवतो आणि माणूस विनाकारण मॉड्यूल १० कडे धावतो. तुमची ती चूक झालेली नाही.

मग दात तुटतो कशाने? लुईसने १८९२ मध्ये हे मांडलं तेव्हा दाताला भिंतीत रुतलेल्या आखूड तुळईसारखं धरलं. सगळा जोर एकाच दाताच्या टोकावर, आणि तो ६० मिमी रुंदीभर सारखा पसरलेला. पहिलं गृहीत आपल्या बाजूचं आहे, कारण प्रत्यक्षात जोर बराच वेळ दोन दात वाटून घेतात. दुसरं गृहीत गुऱ्हाळावर टिकत नाही.

माझं उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे. खानापूरकडचे एक काका अगदी असाच पिनियन पिशवीत घालून घेऊन आले होते. मी आधी गणित केलं नाही, तुटलेला दात पाहिला. दात मुळापासून सरळ निघाला नव्हता, एका टोकाचा तिकोनी टवका उडाला होता. बाकीच्या दातांवरही घासल्याची चकाकी त्याच टोकाला, बोटभर रुंद, आणि पुढे ओतकामाचा काळपट रंग तसाच. म्हणजे ६० मिमीचा दात २० मिमीवर काम करत होता. सूत्रात b च्या जागी २० घाला, ताण तिप्पट, १८२. वर ऊस अडकला की मोटर बंद पडायच्या आधी दोन-सव्वादोन पट टॉर्क देते. सव्वादोन पट धरले तर ४१० एमपीए. एफजी २६० चं ताणबळच २६० आहे. टवका उडेल नाही तर काय होईल!

दात एका टोकाला का लागतात, तेही पाहून आलो. पिनियन शाफ्टच्या बाहेर आलेल्या टोकावर होता आणि दुसऱ्या टोकाला मोठी पुली. ऊस अडकला की पट्टा घसरायचा, म्हणून काकांनी पट्टा आणखी ताणला होता. त्याने दोन गोष्टी झाल्या. झिजलेल्या बुशमध्ये शाफ्ट तिरका ओढला गेला, आणि जो पट्टा घसरून दाताला वाचवत होता त्याचं घसरणं बंद झालं.

आता ईएन ८ चं. त्या वेळी मीच ती चूक केली. काका म्हणाले, "पोलादाचा करून दे, एकदाची कटकट जाऊ दे," आणि मी करून दिला. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला: पिनियन शाबूत, मोठ्या गिअरचे दोन दात गेले.

हे आधीच कागदावर दिसलं असतं. जोडीत कमजोर कोण ते नुसत्या Y वरून ठरत नाही, चालणारा ताण गुणिले Y पाहावा लागतो. बिडाच्या पिनियनचं ८७ × ०.३०९ = २७. मोठ्या गिअरला ९० च्या आसपास दात असतील तर त्याचा Y ०.४४, म्हणून ८७ × ०.४४ = ३८. दोन्ही बिडाचे असताना पिनियन कमजोर, आणि तपासायचा तोच. ईएन ८ ला ताणबळाचा तिसरा हिस्सा म्हणून २०० धरला तर पिनियनचं ६२ होतं. आता कमजोर मोठा गिअर. जोडीची ताकद २७ वरून ३८ वर गेली, ६२ वर नाही, आणि तुटणारी वस्तू स्वस्तातली होती ती महागातली झाली.

तेव्हा आधी हे करा. मोटर बंद करून मेन स्विच काढा. सोल्डरची मऊ तार घ्या, दाताच्या दोन्ही टोकांना एकेक तुकडा ठेवून पिनियन हाताने फिरवा. चेपलेल्या तारा व्हर्नियरने मोजा. काकांच्या एका टोकाला ०.३ मिमी निघाली होती, दुसऱ्याला ०.७. एवढा फरक असेल तर दाताचं गणित करत बसू नका. बुश बदला, बेअरिंग ब्लॉकखाली पत्रा घालून शाफ्ट सरळ करा. मग पिनियनच्या दातांना प्रशियन ब्लू लावून फिरवा. मोठ्या गिअरवर निळा डाग निदान ४० मिमी रुंद उमटेपर्यंत सोडू नका. पुरी रुंदी लागली तर अडकल्यावरचा ताण ६१ × २.२५ = १३७ राहतो. ४० मिमीवर दीडपट, म्हणजे २०६. दोन्ही २६० च्या खाली. ८७ ही रोजच्या चालण्याची मर्यादा आहे, अधूनमधून बसणाऱ्या झटक्याची नाही.

पट्टा मात्र अडकल्यावर घसरेल इतकाच ताणा. पिनियन बिडाचाच ठेवा, आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी एक जास्तीचा कापून फळीवर ठेवून द्या.