पगार ६५ हजार, फ्लॅट घेऊ की भाड्यानेच राहू?

प्रश्न: मूळचा रत्नागिरीचा, नोकरी मुंबईत, हातात ६५ हजार येतात. डोंबिवलीत ५० लाखांचा वनबीएचके घेऊ की १४ हजार भाडं भरत राहू?

सध्या भाड्यानेच राहा. एवढ्या फ्लॅटला बँक ८० टक्केच देते, म्हणजे १० लाख तुमचे, वर ७ टक्के स्टॅम्प ड्युटीचे साडेतीन लाख आणि रजिस्ट्रेशनचे ३० हजार, हेही खिशातूनच (एकट्या बायकोच्या नावावर घेतलात तर ड्युटी १ टक्का कमी). ४० लाखांचं लोन साडेआठ टक्क्यांनी २० वर्षं धरलं तर हप्ता ३४,७०० च्या आसपास, त्यातले पहिल्या महिन्यात २८,३०० नुसतं व्याज, म्हणजे भाड्याच्या दुप्पट पैसे तसेही जातातच की! आणि गणपतीला जायला गावचं घर असेलच ना. फक्त वाचणारे २० हजार दर महिन्याला खरंच बाजूला पडले पाहिजेत, उडणार असतील तर हप्ताच बरा.